लढाईशिवायचं अंतराळ: ‘आउटर वाइल्ड्स’ची सुरुवात कशी करावी

जुन्या अंतराळ कादंबऱ्या ज्यांनी मनापासून वाचल्या आहेत, त्यांना व्हिडिओ गेमच्या दुकानात फार लवकर कंटाळा येतो. मुखपृष्ठावर ग्रह दिसतो, कडं असलेला, सुंदर. पण आत शिरलं की हातात बंदूक येते आणि पुढचे वीस तास गोळ्या झाडण्यात जातात. त्या कादंबऱ्यांमध्ये आपल्याला गुंतवून ठेवणारी गोष्ट वेगळी होती. एक निर्जन वास्तू, ती बांधणारे कधीच निघून गेलेले, आणि आत शिरलेली माणसं खोलीमागून खोली पाहत ‘हे कशासाठी बांधलं असेल?’ एवढाच विचार करतायत. खलनायक नाही, युद्ध नाही. कथा पुढे जाते ती समजुतीच्या जोरावर.

असाच एक खेळ आहे आणि तो पहिला खेळ म्हणून घ्यावा असं माझं ठाम मत आहे: ‘आउटर वाइल्ड्स’. मोबियस डिजिटल या छोट्या अमेरिकन स्टुडिओने तो बनवला आणि 2019 मध्ये प्रकाशित झाला. अॅलेक्स बीचम या विद्यार्थ्याच्या विद्यापीठातल्या प्रबंध-प्रकल्पातून तो वाढला. 2020 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. या खेळात तुमचं पात्र कधीही ‘ताकदवान’ होत नाही. नवी शस्त्रं नाहीत, गुण नाहीत, पातळ्या नाहीत. पहिल्या दिवशी जे यान आणि जी साधनं मिळतात, शेवटच्या दिवशीही तीच असतात. वाढतं ते फक्त तुमचं ज्ञान. शेवटापर्यंत पोचायला जे लागतं ते माहीत असेल, तर अगदी सुरुवातीलाच तिथे जाता येतं. माहीत नसतं म्हणून आपण जाऊ शकत नाही, इतकंच.

म्हणून हा लेख कोड्यांची उत्तरं सांगणार नाही. उत्तर सांगितलं की या खेळात उरत काहीच नाही. आधी कधीच असा खेळ न खेळलेल्या वाचकाने सुरुवात कशी करावी, कुठे अडखळायला होतं आणि अडखळलो आहोत हे कसं ओळखावं, हे सांगतो.

खरेदी करण्याआधी

दुकानात शोधताना नाव अचूक टाका: Outer Wilds. त्याच वर्षी The Outer Worlds नावाचा दुसरा खेळ आला. तोही अंतराळातलाच, पण त्यात गोळीबार भरपूर आहे. नावातल्या या साम्यामुळे चुकीचा खेळ घरी आणणारे लोक खरोखर आहेत. पैसे भरण्यापूर्वी स्टुडिओचं नाव Mobius Digital आहे ना, एवढं पाहून घ्या.

खेळ विंडोज संगणकावर, प्लेस्टेशनवर, एक्सबॉक्सवर आणि निन्टेंडो स्विचवर मिळतो. एकट्याने खेळायचा आहे, समोर दुसरं कुणी नसतं. मराठी किंवा हिंदी भाषा उपलब्ध नाही, त्यामुळे इंग्रजी वाचावं लागेल. पात्रं आवाजात बोलत नाहीत, सगळे संवाद लिखित आहेत. वाचकाला याचा फायदाच होतो, कारण आपल्या गतीने वाचता येतं. इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचत असाल तर अडचण येणार नाही.

संगणकावर घेणार असाल तर एक प्रश्न आधी सोडवा: तुमच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? ऑफिसच्या कामाच्या साध्या लॅपटॉपवर हा खेळ अडखळत चालण्याची शक्यता असते. स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यास खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ 2 तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्याच बैठकीत यान उडवून एखाद्या दुसऱ्या ग्रहापर्यंत जा. गावात सगळं सुरळीत वाटतं. ताण येतो तो बाहेर पडल्यावर. चित्र अडकायला लागलं तर सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन कमी करून पाहा. तरीही जमलं नाही, तर दोन तास पूर्ण होण्याआधी निर्णय घ्या.

कंट्रोलर असेल तर तोच वापरा. यानाला वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे असं सगळीकडे ढकलायचं असतं. कंट्रोलरची कांडी जितकी दाबाल तितकाच जोर लागतो. कीबोर्डची कळ मात्र एकतर दाबलेली असते किंवा नसते. कीबोर्डवर खेळून पूर्ण केलेले लोक आहेत, पण नवख्याला यान हलकेच उतरवायला कंट्रोलरवर लवकर जमतं.

सेटिंग्जमध्ये आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच करा. वाचताना खेळातला वेळ थांबवण्याचे पर्याय तिथे आहेत, ते चालू करून ठेवा. का, ते पुढे येईलच.

गावात घाई करू नका

खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही शेकोटीजवळ जागे होता. वर आकाशात एक मोठा हिरवट ग्रह दिसतो आणि त्याच्या शेजारी क्षणभर काहीतरी फुटतं. हे लक्षात ठेवा. इथली कोणतीही गोष्ट नुसती शोभेला ठेवलेली नसते.

तुम्ही टिंबर हार्थ नावाच्या छोट्या ग्रहावरचे नवे अंतराळवीर आहात आणि आज तुमचं पहिलं उड्डाण आहे. यान तयार आहे, पण ते उडवायचा संकेत गावाच्या वरच्या टोकाला असलेल्या वेधशाळेत हॉर्नफेल्स नावाच्या पात्राकडे आहे. बरेच जण धावत जाऊन तो संकेत घेतात आणि उडतात. तुम्ही तसं करू नका. संकेत घेईपर्यंत गावात कितीही वेळ काढलात तरी काही बिघडत नाही, आणि पुढे लागणारं जवळपास प्रत्येक कौशल्य गावात खेळीमेळीने शिकवलेलं आहे.

रिमोटने उडवायचं एक लहान यान आहे, ते आपटून घ्या. वजनरहित गुहा आहे, तिथे जेटपॅकने तरंगत दुरुस्ती करायला शिका. सिग्नलस्कोप म्हणजे दूरचे आवाज पकडणारं साधन. गावातली मुलं लपाछपी खेळताना त्याचा वापर शिकवतात. आणि एका ठिकाणी ‘घोस्ट मॅटर’ नावाच्या जवळजवळ अदृश्य, जीवघेण्या पदार्थाची ओळख होते. तो नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण छायाचित्रात दिसतो. तुमच्याकडे स्काउट नावाचा एक छोटा फेकता येणारा कॅमेरा आहे. जिथे शंका येईल तिथे आधी स्काउट टाकायचा, फोटो पाहायचा, मग पाऊल पुढे. ही सवय गावातच लागली तर पुढचे बरेच मृत्यू टळतात.

वेधशाळेच्या खालच्या मजल्यावर संग्रहालय आहे. वाचकाने इथे खरा वेळ द्यावा. प्रत्येक पाटी वाचा. एका कोपऱ्यात एक दगड ठेवला आहे, तो तुम्ही पाहत असताना स्थिर असतो आणि नजर वळवली की जागा बदलतो. पुंज भौतिकीतली ‘निरीक्षण’ ही कल्पना इथे हाताने करून पाहायच्या प्रयोगासारखी मांडली आहे. त्याच्याशी दोन मिनिटं खेळा: मान वळवा, परत पाहा, दिवा बंद झाला तर काय होतं ते पाहा. पुढे काही तासांनी एका संपूर्ण चंद्रापाशी तुम्हाला हेच आठवावं लागणार आहे.

याच संग्रहालयात नोमाई नावाच्या, फार पूर्वी या सूर्यमालेत राहून गेलेल्या लोकांचा एक पुतळा आहे. संकेत घेऊन परत निघताना त्याच्याजवळून जावं लागतं. त्यानंतर घड्याळ सुरू होतं.

22 मिनिटांचा फेरा

एवढं मात्र आधी सांगणं भाग आहे: खेळ 22 मिनिटांच्या फेऱ्यात चालतो. 22 मिनिटांनी फेरा संपतो आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. त्याआधी मेलात तरी तेच. फेरा का संपतो आणि तुम्हालाच तो का आठवतो, हे तुम्ही स्वतः शोधायचं आहे.

नवख्याला इथे दोन प्रकारे त्रास होतो. पहिला, ‘माझी मेहनत वाया गेली’ असं वाटणं. ती वाया जात नाही. यानात मागच्या बाजूला एक नोंदवही आहे, पडद्यावर तिचं नाव Ship Log असं दिसतं. तुम्ही जे वाचलं, जे पाहिलं, ते तिच्यात नोंदलं जातं आणि फेरा बदलला तरी पुसलं जात नाही. खेळ मध्येच बंद केला तरी नोंदी राहतात. फक्त पुन्हा सुरू केल्यावर नवा फेरा सुरू होतो. त्यामुळे एक फेरा म्हणजे साधारण एक प्रकरण असं धरून खेळा.

दुसरा त्रास घाईचा. घड्याळ चालू आहे म्हटल्यावर माणूस पळत सुटतो, भिंतीवरचा मजकूर अर्धवट वाचतो आणि तिथेच त्याचा धागा तुटतो. म्हणूनच वाचताना वेळ थांबवायचा पर्याय चालू ठेवायला सांगितलं. काही खेळाडूंना घड्याळाचा दबावच आवडतो. पण कल्पनांसाठी आलेल्या वाचकाला भिंतीसमोर शांतपणे उभं राहता आलं पाहिजे.

यान उडवताना

उड्डाण हा एकच भाग असा आहे जिथे हाताचं कसब लागतं. थोडं भौतिकशास्त्र आठवलं की तेही सोपं होतं. अंतराळात हवेचा अडथळा नाही. इंजिन बंद केलं तरी यान त्याच वेगाने जात राहतं. म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा आणि उरलेल्या वाटेत उलट्या दिशेने जोर लावून तो कमी करायचा. नवखा माणूस गाडीसारखं चालवायला जातो, ग्रह जवळ आल्यावर ब्रेक शोधतो आणि जमिनीवर आदळतो.

ग्रहावर नेम धरून तो लॉक केला की पडद्यावर दोन आकडे दिसतात, अंतर आणि सापेक्ष वेग. तुमची नजर या दुसऱ्या आकड्यावर हवी. Match Velocity असा एक आदेश आहे. तो दाबून धरला की यान समोरच्या वस्तूशी आपला वेग जुळवून घेतं, म्हणजे तिच्या मानाने तुम्ही स्थिर होता. ग्रहाजवळ आलात की हा दाबून धरा, मग हळूहळू खाली उतरा. लहान चंद्र किंवा फिरत्या स्थानकांपाशी हे जमल्याशिवाय काहीच जमत नाही.

Autopilot लांबच्या प्रवासाला उत्तम आहे, पण त्याला एकच गोष्ट कळते: सरळ रेषा. तुमच्या आणि लक्ष्याच्या मध्ये सूर्य असेल तर तो तुम्हाला निमूटपणे सूर्यात घेऊन जातो. तो चालू करण्याआधी समोर पाहा. सूर्य वाटेत असेल तर आधी हाताने यान वर किंवा बाजूला घ्या, मग लॉक करा.

आणि यानातून उतरण्याआधी सूट घातला आहे का ते पाहा. दार उघडल्यावर पडदा काळवंडायला लागला तर तुम्ही सूट विसरला आहात. जवळजवळ प्रत्येक खेळाडूचा एक तरी मृत्यू असा होतो. यानात परतल्यावर जेटपॅकचं इंधन आणि तब्येत भरून घेता येते. प्राणवायू यानात आणि झाडांच्या आसपास आपोआप भरतो.

पहिला फेरा: घराजवळचा चंद्र

कुठेही जाता येतं म्हणून लोक पहिल्याच उड्डाणात सूर्यमालेच्या टोकाला जातात, काहीच न कळता मरतात आणि खेळ ‘दिशाहीन’ आहे असं ठरवून टाकतात. माझा आग्रह आहे की पहिला फेरा टिंबर हार्थच्याच चंद्रावर घालवावा. त्याचं नाव अॅटलरॉक. प्रवास अगदी छोटा आहे, गुरुत्व कमी आहे, आदळण्याची भीती थोडी.

उड्डाणानंतर आधी सिग्नलस्कोप काढून सूर्यमालेकडे फिरवा. वेगवेगळ्या दिशांनी वाद्यं ऐकू येतील. ढोल, बँजो, बासरी, माउथ ऑर्गन, शीळ. तुमच्याआधी निघालेले प्रवासी जिथे आहेत तिथे वाजवत बसले आहेत. चंद्रावरून शीळ येते, ती एस्करची. आवाजाच्या दिशेने जाऊन उतरा आणि बोला. हा पहिला धडा: कुठे जायचं ते कळत नसेल तेव्हा ऐका.

मग चंद्रावर पायी फिरा. एका विवरात नोमाईंनी बांधलेलं एक जुनं यंत्र आहे आणि आसपास त्यांचं लिखाण. नोमाईंची लिपी वेटोळ्यांची आहे. अनुवादक नावाचं साधन त्यावर धरलं की मजकूर उलगडतो. पण लिखाण ओळीने वाचायचं नसतं. एक वेटोळं म्हणजे एका व्यक्तीचं बोलणं, आणि त्यातून फुटणारी दुसरी वेटोळी म्हणजे त्याला दिलेली उत्तरं. कधी एकाच म्हणण्याला दोघं वेगवेगळी उत्तरं देतात, मग फांद्या दोन होतात. मुळापासून सुरुवात करा आणि प्रत्येक फांदी टोकापर्यंत वाचा. वाचून झालेल्या वेटोळ्याचा रंग बदलतो. जो रंग न बदलता राहिला, तिथे तुम्ही काहीतरी सोडलं आहे.

हे लिखाण वाचताना मला या खेळाची खरी थोरवी कळली. मेलेल्या संस्कृतीचे उतारे म्हटलं की आपण भाकितं आणि शाप यांची अपेक्षा करतो. इथे मात्र शास्त्रज्ञ आपसात बोलतायत. कुणीतरी एक यंत्र बांधलं आहे, त्यांना एका सिग्नलचा शोध घ्यायचा आहे, आणि यंत्र बरोबर चालत असूनही सिग्नल सापडत नाही. मग ते वाद घालतात, एकमेकांची थट्टा करतात, लहान मुलंही मध्ये बोलतात, आणि पुढचा प्रयत्न कसा करायचा याचा विचार सुरू होतो. अयशस्वी प्रयोगाची नोंद इतक्या प्रेमाने लिहिलेली मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

आता यानात परत या आणि नोंदवही उघडा. तिच्यात दोन प्रकारे पाहता येतं. एका प्रकारात ग्रहांनुसार यादी असते. दुसऱ्यात, ज्याला Rumor Mode म्हणतात, प्रत्येक शोध एक कार्ड असतो आणि कार्डांमध्ये रेषा असतात. तुम्ही चंद्रावर वाचलेल्या एखाद्या वाक्यामुळे न पाहिलेल्या जागेचं एक प्रश्नचिन्ह असलेलं कार्ड तयार झालेलं दिसेल. तीच तुमची पुढची दिशा. एखाद्या कार्डावर ‘There’s more to explore here’ अशी सूचना दिसली तर त्या जागेचं काम संपलेलं नाही. ती सूचना नसेल तर तिथे डोकं आपटत बसू नका.

तरीही स्वतःची एक छोटी वही जवळ ठेवा. नोंदवही तुम्ही काय पाहिलं ते लिहिते, तुम्हाला काय वाटलं ते लिहीत नाही. ‘ही जागा वाळूने का भरली होती?’ असे प्रश्न आपल्याच भाषेत लिहून ठेवले की दोन दिवसांनी परत बसताना धागा लगेच सापडतो.

दुसरं उदाहरण: वाळूचे जुळे ग्रह

सूर्याच्या सगळ्यात जवळ दोन ग्रह एकमेकांभोवती फिरतात: एम्बर ट्विन आणि ॲश ट्विन. फेरा सुरू होतो तेव्हा ॲश ट्विन वाळूने झाकलेला असतो आणि एम्बर ट्विनच्या दऱ्या-गुहा मोकळ्या असतात. मग एकावरून दुसऱ्याकडे वाळूचा एक प्रचंड स्तंभ वाहायला लागतो. 22 मिनिटांत एक ग्रह उघडा पडत जातो आणि दुसरा बुजत जातो.

समजा, तुम्ही इकडेतिकडे फिरून फेऱ्याच्या मध्यावर एम्बर ट्विनला पोचलात. गुहेत शिरलात, थोडं पुढे गेलात आणि रस्ता वाळूने बंद दिसला. नवखा खेळाडू इथे समजतो की दुसरा रस्ता शोधायला हवा, आणि उरलेला वेळ भिंती चाचपडण्यात घालवतो. मग पायाखालची वाळू वर चढत छताला भिडते आणि फेरा तिथेच संपतो.

खालची वाळू वर येते आहे हे दिसलं, म्हणजे प्रश्न जागेचा नाही, वेळेचा आहे. पुढच्या फेऱ्यात जागे होताच थेट इथे या, वाटेत काहीही करू नका, आणि तीच गुहा मोकळी असताना खोलवर जा. उलट ॲश ट्विनवर सुरुवातीला गेलात तर नुसतं वाळवंट दिसेल आणि ‘इथे काही नाही’ असं वाटेल. तिथे उशिरा जा. या खेळात ‘कुठे’ इतकाच ‘कधी’ हाही पत्त्याचा भाग आहे. एखादी जागा बंद दिसली की वहीत तिच्यापुढे वेळही लिहा: फेऱ्याच्या सुरुवातीला पाहिली, की शेवटी.

एम्बर ट्विनवर ढोल वाजवणारा चर्ट भेटेल. तो ताऱ्यांचा अभ्यास करतो. त्याच्याशी एकाच फेऱ्यात दोनदा बोला, एकदा लवकर आणि एकदा बरंच उशिरा. त्यात काय फरक पडतो ते सांगत नाही, पण मोठ्या कल्पना आवडणाऱ्या वाचकाने हे संभाषण चुकवू नये.

बाकीचे ग्रह

ब्रिटल हॉलो हा पोकळ ग्रह आहे. त्याच्या गाभ्यात कृष्णविवर आहे आणि वरचं कवच फेरा चालू असतानाच तुकड्या-तुकड्यांनी आत कोसळतं, कारण त्याचा ज्वालामुखी चंद्र त्याच्यावर लाव्ह्याचे गोळे टाकत असतो. इथलं बरंचसं शहर कवचाच्या खालच्या बाजूला लटकलेलं आहे. चालताना तोल जाईल, तुम्ही पडाल. पडल्यावर हताश होऊन फेरा सोडू नका. हात खाली ठेवा आणि काय होतं ते पाहा.

जायंट्स डीप हा महासागराचा ग्रह. वादळं बेटांना उचलून अंतराळात फेकतात आणि बेटं परत पाण्यात पडतात. इथे झुल्यात पहुडलेला गॅब्रो भेटेल. त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलत राहा. तो एक ध्यान शिकवतो, त्यानंतर मेनूतूनच चालू फेरा संपवता येतो. अडकून पडल्यावर दहा मिनिटं वाट पाहण्याचा त्रास त्यामुळे वाचतो, म्हणून हे लवकर शिकून घ्या.

डार्क ब्रॅम्बल सगळ्यात शेवटी ठेवा. धुक्याने भरलेली, आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठी असलेली ही जागा आहे आणि मूळ खेळात खरी भीती वाटते ती इथेच. आत मोठे मासे आहेत आणि ते गिळतात. त्यांच्याशी लढता येत नाही. पण त्यांच्याविषयीची माहिती दुसऱ्या एका ग्रहावर नोंदलेली आहे, आणि ती वाचून आलेल्या माणसासाठी हीच जागा खूप वेगळी असते. इथे सारखे मरत असाल तर हात कमी पडतो आहे असं समजू नका; वाचायचं काहीतरी राहिलं आहे.

अडकलात तर

प्रत्येक जण कुठेतरी अडकतो. अडकल्याची खूण अशी: लागोपाठ फेरे झाले आणि नोंदवहीत एकही नवी ओळ आली नाही. अशा वेळी त्याच दारावर धडका देण्यापेक्षा ग्रह बदला. रचना अशी आहे की एका ठिकाणचा अडथळा ओलांडण्याचं ज्ञान बहुतेक वेळा दुसरीकडे ठेवलेलं असतं, आणि सूचनाचिन्ह असलेली जुनी कार्डं पुन्हा वाचली की त्यातलं एखादं वाक्य आता वेगळं दिसतं.

यूट्यूबवरचे उत्तराचे व्हिडिओ पाहू नका. इतर खेळांत उत्तर पाहिल्याने एक कोडं जातं. इथे एकच वाक्य चार तासांचा शोध संपवून टाकतं आणि ते पुन्हा विसरता येत नाही. अगदीच थांबायची वेळ आली तर हा खेळ पूर्ण केलेल्या ओळखीच्या माणसाला तुमची नोंदवही दाखवा आणि फक्त एवढंच विचारा: ‘मी कोणतं कार्ड परत वाचू?’

संपूर्ण खेळाला साधारण 15 ते 25 तास लागतात. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोन-तीन फेरे, असं खेळलं तर महिन्याभरात होतो. मध्ये फार मोठा खंड पडू देऊ नका. नोंदवही असली तरी नोमाईंची नावं आणि त्यांचे आपसातले संबंध मनातून निसटतात, आणि मग त्यांची पत्रं निरोप वाटण्याऐवजी नुसती माहिती वाटायला लागतात.

त्यानंतर

‘इकोज ऑफ द आय’ ही याच खेळाची 2021 मधली पुरवणी वेगळी विकत मिळते. दोन्ही एकत्र घेतलं असेल तर संग्रहालयात तिचं एक नवं प्रदर्शन दिसेल, पण मूळ खेळ संपेपर्यंत तिच्या मागे जाऊ नका. तिच्यातले लोक वेगळे आहेत आणि त्यांनी मागे लेखी मजकूर नाही, चित्रं ठेवली आहेत. तिथे वाचायचं नाही, पाहून अर्थ लावायचा. काही भाग अंधाराचे आणि भीतीचे आहेत. भीती कमी करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये दिला आहे, तो चालू केला तरी कथेतलं काही कमी होत नाही.

पुरवणी नको असेल आणि शब्दांकडेच परत यायचं असेल, तर ‘हेवन्स व्हॉल्ट’ घ्या. इंकल या ब्रिटिश स्टुडिओचा, हाही 2019 चा. त्यात अलिया नावाची पुरातत्त्वज्ञ तेजोमेघातल्या जगांमध्ये फिरते आणि तुम्ही तिच्यासोबत एक हरवलेली लिपी शब्दाशब्दाने उलगडता. अंदाज चुकला तर खेळ लगेच सांगत नाही. तुम्ही चुकीच्या अर्थावर पुढची वाक्यं रचत जाता, आणि बऱ्याच वेळाने दुसरा शिलालेख सापडल्यावर तो अर्थ टिकत नाही हे कळतं. त्यातली नौका चालवण्याचे भाग लांबट आहेत, तिथे धीर धरावा लागतो. तिथेही वही जवळ ठेवा, आणि प्रत्येक शब्दापुढे तुमची खात्री किती आहे ते पेन्सिलीने लिहा.